सलाईनच्या सुईचा हिशेब : एका वॉर्डातल्या क्लिनिकल ऑडिटचा विद्यार्थी-अहवाल

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या हातावर पहिल्या तासाभरातच एक छोटी नळी बसते. लोक तिला सलाईनची सुई म्हणतात, वॉर्डात तिला इंट्राकॅथ नाहीतर व्हेनफ्लॉन म्हणतात. टोचताना तिच्या आत पोलादी सुई असते. ती काढून घेतली की शिरेत उरते ती प्लास्टिकची मऊ नळी. मोठ्या माणसांना बहुधा गुलाबी टोपीची 20 गेजची किंवा निळ्या टोपीची 22 गेजची नळी लावतात. औषध, सलाईन, कधी रक्तसुद्धा याच वाटेने जातं. ही वाट उघडी असेपर्यंत जंतूंनाही आत शिरायला जागा असते. नळीभोवतीची शीर सुजते, लाल होते, दोरीसारखी कडक लागते. त्याला फ्लेबायटिस म्हणतात. क्वचित जंतू थेट रक्तात उतरतात आणि बरा होऊन घरी जायच्या बेतात असलेला पेशंट तापाने फणफणतो.

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षात आम्हाला एका वॉर्डात क्लिनिकल ऑडिट करून त्याचा अहवाल द्यावा लागतो. आमच्या गटाने हीच सुई निवडली. एका शिक्षण-रुग्णालयातला 40 खाटांचा मेडिसिन वॉर्ड आम्हाला मिळाला होता. वॉर्ड ओळखू येऊ नये म्हणून त्याचे तपशील इथे दिलेले नाहीत, आणि हिशेब सहज कळावा म्हणून आकडे नमुन्यादाखल, 50 सुयांच्या मापात मांडले आहेत. ते वाचायचे ते ऑडिट कसं चालतं हे समजण्यासाठी. त्यावरून कुठल्याही रुग्णालयाबद्दल निष्कर्ष काढू नये.

ऑडिट म्हटलं की पैशांची तपासणी आठवते. इथे तपासायची असते ती पेशंटची काळजी. काय करायला हवं हे आधी लिहून ठेवायचं, प्रत्यक्षात काय होतं ते मोजायचं, दोन्हींत अंतर का पडलं ते शोधायचं, काहीतरी बदलायचं आणि पुन्हा मोजायचं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत 1989 च्या सुधारणांनंतर हे डॉक्टरांच्या नेहमीच्या कामाचा भाग झालं. आपल्याकडे एनएबीएचं मानांकन घेणाऱ्या रुग्णालयांनाही ते करावं लागतं. संशोधनाशी त्याची गल्लत होते, पण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. कोणती पद्धत चांगली, हे संशोधन विचारतं. चांगली म्हणून जी ठरली आहे ती आपल्या वॉर्डात खरंच पाळली जाते का, हे ऑडिट विचारतं.

निकष लिहिणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, आणि तो जायलाच हवा होता. ‘सुईची नीट काळजी घ्यावी’ हे वाक्य कुणालाही पटेल, पण ते मोजता येत नाही. निकष असा हवा की दोन वेगवेगळ्या माणसांनी एकच हात पाहिला तर दोघांचं उत्तर एकच यावं, हो किंवा नाही.

पहिला वाद दिवसांचा निघाला. सुई दर 72 ते 96 तासांनी बदलायची, असा जुना दंडक आम्ही शिकलो होतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधल्या तीन रुग्णालयांत 3283 पेशंटांवर झालेला मोठा अभ्यास 2012 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात ठरावीक दिवसांनी सुई बदललेल्यांत आणि त्रास दिसल्यावरच बदललेल्यांत फ्लेबायटिसचं प्रमाण सारखंच, 7 टक्के, निघालं. विनाकारण टोचणं टळतं म्हणून पुष्कळ ठिकाणी ‘गरज पडेल तेव्हाच बदला’ हे धोरण आलं. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयानेही ते आणलं. पण तिथे या सुयांमुळे होणारा रक्तातला संसर्ग वाढलेला दिसला, म्हणून 2019 मध्ये ते पुन्हा ठरावीक दिवसांच्या पद्धतीवर गेले आणि प्रमाण खाली आलं. हा अनुभव 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. आम्ही त्यातून असं समजलो की ‘गरज पडेल तेव्हा’ ही पद्धत सुईकडे रोज कुणीतरी खरोखर बघत असेल तरच सुरक्षित आहे. बघणारं कुणी नसेल तर ती निव्वळ मोकळीक ठरते.

म्हणून दिवसांचा निकष आम्ही संसर्ग नियंत्रण समितीवर सोडला आणि बघण्याशी संबंधित चार गोष्टी धरल्या. सुई कधी लावली ती तारीख आणि वेळ ड्रेसिंगवर वाचता यावी. आधीच्या पाळीत सुईची जागा तपासल्याची नोंद असावी. शीर सुजलेली असताना सुई तशीच हातात राहिलेली नसावी. आणि जिच्यातून 24 तासांत काहीच गेलं नाही आणि पुढेही काही जायचं नाही, अशी सुई हातात नसावी. शेवटच्या निकषाला एक अपवाद ठेवला. झटके येणारा किंवा रक्ताची उलटी झालेला पेशंट असेल तर वाट उघडी ठेवावीच लागते, मात्र डॉक्टरांनी तसं कारण केस पेपरवर लिहिलेलं हवं. चारही निकषांचं लक्ष्य 100 टक्के धरलं. ‘80 टक्के चालेल’ असं काहींना वाटत होतं, पण मग उरलेले 20 टक्के पेशंट कोणते, हे कुणी ठरवायचं?

सूज मोजायला व्हीआयपी स्कोअर आहे. ब्रिटनमधल्या रॉदरहॅमच्या अँड्र्यू जॅक्सन या नर्सने तो 1998 मध्ये मांडला. त्यात 0 ते 5 गुण असतात. काहीच नाही तर 0. थोडं दुखतंय किंवा थोडी लाली आहे तर 1. दुखणं, लाली आणि सूज यांतल्या दोन गोष्टी असतील तर 2, आणि 2 झाले की सुई काढायची. पुढे शीर कडक होत जाते तसे गुण वाढतात आणि ताप आला की 5.

कागदावर हे सोपं दिसतं. आम्ही खऱ्या मोजणीआधी थोड्या सुयांवर तालीम केली, दोघींनी एकच हात वेगवेगळा तपासून. तिथे मतं फुटली ती लालीवर. गोऱ्या कातडीवर लाली लांबूनही दिसते. शेतात राबून रापलेल्या सावळ्या हातावर ती दिसतच नाही. फार तर त्या जागी कातडी जरा जास्त काळपट वाटते. एका मावशींच्या मनगटाला मैत्रिणीने 0 दिला होता, मी 2. फरक एवढाच की मी हात लावून पाहिला होता. सुईच्या वरच्या बाजूला चार बोटं अंतरापर्यंत कातडी दुसऱ्या हातापेक्षा गरम होती, आणि दाबल्यावर मावशींनी हात मागे ओढला. त्यानंतर आम्ही फॉर्मवर स्वतःची सूचना छापून घेतली : नुसतं पाहू नये, बोटांच्या मागच्या बाजूने दोन्ही हातांची ऊब ताडून पाहावी, हलकेच दाबावं आणि पेशंटला विचारावं. ही सूचना नसती तर या वॉर्डात आमचा आकडा खूप चांगला आला असता आणि खोटा ठरला असता.

मोजणी

मोजायची ती सुई, पेशंट नव्हे, कारण एकाच्या दोन्ही हातांत सुया असू शकतात. सकाळ, दुपार, रात्र आणि रविवार, सगळं घेतलं. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी राऊंडच्या आधी वॉर्ड सर्वांत नीटनेटका असतो, तेव्हाच मोजलं तर चित्र उजळ दिसतं. खाटा निवडायला बेड नंबरांच्या चिठ्ठ्या टाकल्या. इन्चार्ज सिस्टर प्रेमाने म्हणत होत्या, “या इकडचे पेशंट बघ गं, शांत आहेत.” पण शांत पेशंट तेवढे पाहिले तर वाताच्या भरात सुई ओढणारा, बोलू न शकणारा, ज्याला दुखतंय हे सांगताच येत नाही असा पेशंट मोजणीतून सुटतो, आणि धोका त्यालाच जास्त असतो.

वॉर्डप्रमुखांची परवानगी होती, कर्मचाऱ्यांना विषय माहीत होता. दिवस आणि पाळी मात्र सांगितली नव्हती. फॉर्मवर पेशंटचं नाव नाही, ड्युटीवरच्या सिस्टरचंही नाही. आणखी एक नियम सुरुवातीलाच ठरला होता : 2 किंवा जास्त गुणांची सुई दिसली तर नोंद करून तिथल्या तिथे सिस्टरना सांगायचं. आकडा शाबूत राहावा म्हणून पेशंटला दुखत ठेवणं हे ऑडिट नव्हे.

50 सुयांची पहिली मोजणी अशी आली. ड्रेसिंगवर तारीख-वेळ 21 सुयांवर. आधीच्या पाळीतली तपासणीची नोंद 15 ठिकाणी. सूज असूनही हातात राहिलेल्या सुया 6. आणि कारणाशिवाय नुसत्या बसून असलेल्या सुया 14.

तारखेचा आकडा पाहून प्रत्येक जण ‘सिस्टर लिहीत नाहीत’ असं म्हणेल. पण फॉर्मवर आम्ही एक रकाना जास्तीचा ठेवला होता : सुई कुठे लावली? तारीख नसलेल्या 29 सुयांपैकी 18 अपघात विभागात लावलेल्या होत्या. तिथे एका वेळी चार स्ट्रेचर येतात. सुई लावायची, मायक्रोपोर चिकटवायचा आणि पेशंटला वर पाठवायचं. वॉर्डात पेशंट आला तेव्हा सुई किती वेळाची आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे वॉर्डातल्या सिस्टर तरी काय लिहिणार? उरलेल्या 11 सुयांचं कारण इतकं साधं निघालं की आधी विश्वास बसेना. प्रोसीजर ट्रेमध्ये पेनच नव्हतं. सिस्टर खिशातल्या बॉलपेनने मायक्रोपोरवर लिहायच्या आणि हात धुतला की शाई फिसकटायची. आम्ही तारीख ‘वाचता यावी’ असा निकष लिहिला होता, त्यामुळे तो निळा डाग ‘नाही’मध्ये गेला.

रिकाम्या सुयांचं कारण इतकं साधं नव्हतं. सकाळच्या राऊंडला डॉक्टर अँटिबायोटिकचं इंजेक्शन बंद करून गोळी लिहितात. सुई काढा, असं लिहीत नाहीत. सिस्टरना वाटतं, डॉक्टरांनी मुद्दाम ठेवली असेल. रेसिडेंट डॉक्टरांना वाटतं, इंजेक्शन बंद झालंय म्हणजे सिस्टर काढतीलच. रात्री दोन वाजता पेशंट बिघडला आणि शीर सापडली नाही तर काय, ही भीती दोघांनाही असते आणि ती खोटी नाही. त्यात नातेवाइकांची भर. एका आजोबांच्या मुलाने सिस्टरना हात जोडून सांगितलं, “ताई, राहू द्या ना ती. मागच्या वेळी पाच ठिकाणी टोचलं होतं.” आजोबांच्या पालथ्या हातावर जुन्या टोचण्यांचे निळे-पिवळे डाग होते. त्या डागांकडे पाहून सुई काढायला कुणाचाही हात आखडेल. पण त्या सुईतून दोन दिवसांत काहीही गेलेलं नव्हतं.

बदल

निष्कर्ष वॉर्डाच्या बैठकीत मांडले. वॉर्डप्रमुख, इन्चार्ज सिस्टर, रेसिडेंट, आणि आमच्या आग्रहावरून अपघात विभागाच्या सिस्टरही होत्या. ऑडिट इथेच बहुधा ढेपाळतं, कारण ठराव होतो तो ‘सर्वांना सूचना देण्यात याव्यात’ असा. तशा सूचनेला कुणी धनी नसतो. आम्ही प्रत्येक बदलासमोर एकाच माणसाचं पद आणि तारीख लिहून घेतली.

अपघात विभागात इंट्राकॅथच्या डब्यातच तारीख-वेळ लिहायचे छोटे स्टिकर ठेवले. वेगळ्या कपाटात ठेवले असते तर ते तिथेच राहिले असते. वॉर्डाच्या ट्रेला न पुसणारं मार्कर पेन दोरीने बांधलं. टीपीआर शीटवर, जिथे सिस्टर दर पाळीला ताप आणि नाडी लिहितातच, तिथे ‘सुईची जागा’ असा रकाना वाढवला. आणि रिकाम्या सुयांसाठी डॉक्टरांच्या ऑर्डर शीटवर एक छापील ओळ आणली : ‘सुई हवी? हो/नाही’.

मग थांबलो. लगेच मोजलं असतं तर बैठकीची ताजी आठवण मोजली गेली असती, सवय नव्हे. दोन महिने जाऊ दिले.

पुन्हा मोजणी

फेरऑडिटमध्ये निकष, फॉर्म, चिठ्ठ्यांची पद्धत, पाळ्यांची वाटणी, सगळं तसंच ठेवायचं असतं. काहीही बदललं तर आकड्यातला फरक सुधारणेचा की मोजण्याच्या पद्धतीचा, हे सांगता येत नाही. पुन्हा 50 सुया घेतल्या.

तारीख-वेळ आता 44 सुयांवर होती, आधी 21 होती. तपासणीची नोंद 15 वरून 37 वर आली. सूज असलेल्या सुया 6 वरून 3 झाल्या. रिकाम्या सुया 14 होत्या, त्या 12 झाल्या.

अहवालाच्या पहिल्या मसुद्यात गटातल्या एकीने लिहिलं होतं, ‘फ्लेबायटिस निम्म्याने घटला’. मॅडमनी त्यावर लाल रेघ ओढली, आणि ती योग्यच होती. 50 मध्ये 6 आणि 50 मध्ये 3 हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. पुढच्या महिन्यात काहीही न बदलता पुन्हा 6 निघाल्या तर आश्चर्य वाटायला नको. याउलट 21 वरून 44 ही उडी योगायोगाच्या आवाक्याबाहेरची आहे. म्हणून तारखेबाबत ‘सुधारलं’ असं लिहिलं, सुजेबाबत ‘अजून सांगता येत नाही’ असं लिहिलं, आणि रिकाम्या सुयांबाबत ‘बदल नाही’ असं लिहिलं.

नोंदींच्या आकड्यावरही आम्ही समाधान मानलं नाही. रकाना भरला याचा अर्थ हात पाहिला असा होतो का? म्हणून त्या 37 ठिकाणी आम्ही स्वतः दिलेले गुण आणि शीटवरचे गुण शेजारी मांडले. 32 जुळले. 5 ठिकाणी शीटवर 0 होता आणि आम्हाला 1 किंवा 2 मिळाले. त्यातल्या तीन शीटांवर दिवसाच्या तिन्ही पाळ्यांचे शून्य एकाच शाईत, एकाच अक्षरात होते. यासाठी कुणा एकीला दोष देऊन काही हाती लागणार नाही. रात्री 40 खाटांना दोनच सिस्टर असतील तर नवा रकाना असाच भरला जाणार. पण पुढच्या वेळी नोंदीबरोबर ही जुळणीही मोजायची, हे त्यातून ठरलं. नुसता भरलेला रकाना मोजत राहिलो तर वॉर्ड रकाने भरण्यात तरबेज होईल.

खरा धडा रिकाम्या सुयांनी दिला. छापील ओळ शीटवर होती, पण बहुतेक शीटांवर तिच्यासमोर खूणच नव्हती. विचारल्यावर कळलं की मधल्या काळात रेसिडेंट डॉक्टरांची तुकडी बदलली होती. ज्यांच्यासमोर बैठक झाली ते दुसऱ्या युनिटला गेले, नव्यांना ती ओळ कशासाठी आहे हेच माहीत नव्हतं. ज्या बदलांमध्ये वस्तू हलली, म्हणजे पेन, स्टिकर, रकाना, ते माणसं बदलल्यावरही टिकले. जो बदल कुणाच्या तरी लक्षात राहण्यावर उभा होता, तो तुकडीबरोबर निघून गेला. आणि पेशंटच्या दृष्टीने चारांतला सर्वांत मोलाचा निकष हाच होता, कारण हातात नसलेल्या सुईची शीर सुजत नाही.

म्हणून दुसऱ्या फेरीसाठी वेगळा मार्ग मांडला. सुई काढायचा निर्णय राऊंडवर न ठेवता, वॉर्डप्रमुखांच्या सहीच्या लेखी नियमाने सिस्टरनाच तो अधिकार द्यायचा. अटी चार : 24 तासांत सुईतून काही गेलेलं नाही, ट्रीटमेंट शीटवर शिरेतून द्यायचं एकही औषध नाही, पेशंटची नाडी आणि रक्तदाब स्थिर आहेत, आणि ‘ठेवा’ असं कारणासह कुठे लिहिलेलं नाही. चारही जुळल्या तर सिस्टरनी कुणालाही न विचारता सुई काढायची आणि शीटवर वेळ टाकायची. रात्रीच्या पाळीत तेवढी ड्युटी डॉक्टरांना कल्पना द्यायची. रेसिडेंटची नवी तुकडी आली की पहिल्याच दिवशी हा नियम त्यांच्या हाती पडेल, ही जबाबदारी इन्चार्ज सिस्टरकडे दिली.

नातेवाइकांची भीती मात्र नियमाने जात नाही. तिचं उत्तरही आकड्यातच शोधायला हवं. तिसऱ्या मोजणीत आता फक्त रिकाम्या सुयांचा निकष असेल आणि त्याला जोडून एक नवा रकाना असेल : सुई काढल्यावर 24 तासांच्या आत किती पेशंटांना पुन्हा टोचावं लागलं? तो आकडा मोठा निघाला तर अटी सैल आहेत, त्या आवळाव्या लागतील. लहान निघाला तर सिस्टर पुढच्या आजोबांच्या मुलाला तोच आकडा दाखवू शकतील. आमची पोस्टिंग त्याआधी संपते. म्हणून कोरे फॉर्म, निकषांचा कागद आणि ऊब ताडून पाहायची सूचना आम्ही पुढच्या बॅचच्या नावाने इन्चार्ज सिस्टरांच्या फायलीत लावून दिली आहे.